शंभर डॉलरचे साडेतीनशेच कसे?

*आम्ही ठाण्यात राहतो. दिवाळीत दोघं दुबईला गेलो होतो. निघायच्या रात्री विमानतळावरच ५०० डॉलर घेतले, ९१ रुपयांनी. फोनवर तेव्हा ८८ दिसत होते. देरा भागातल्या मसाल्याच्या बाजारात ४५ दिरहमचे खजूर आणि केशर घेतलं. जवळचे दिरहम संपले होते म्हणून १०० डॉलरची नोट दिली, दुकानदाराने ३०५ दिरहम परत दिले. हॉटेलवर येऊन फोनवर पाहते तर १०० डॉलरचे ३६७ दिरहम होतात! म्हणजे त्याने सतरा दिरहम खाल्ले. हे म्हणतात, "फिरायला आलीस की हिशेब तपासायला?" पण मला ते अजून टोचतंय. मे महिन्यात आम्ही पॅरिस आणि स्वित्झर्लंडला जाणार आहोत. टूरवाले म्हणतात, युरो घ्या, स्वित्झर्लंडमध्येही चालतात. मैत्रीण म्हणते, सरळ कार्ड वापर. मी फसले का? आणि पुढच्या वेळी दुकानात उभं असतानाच हे ओळखायचं कसं? विमान दुबईतच बदलायचं आहे, घरी ११० दिरहमही पडून आहेत.*

ताई, मी बरीच वर्षं बँकेत परकीय चलनाच्या खिडकीवर बसायचे. परदेशातून परतलेली माणसं हाच प्रश्न घेऊन यायची आणि प्रत्येकाच्या हातात फोनवरचा तोच एक आकडा असायचा. म्हणून त्या आकड्यापासूनच सुरुवात करते.

फोनवर दिसणारा दर हा मधला दर असतो. मोठ्या बँका एकमेकींशी व्यवहार करतात तेव्हा घ्यायचा भाव आणि द्यायचा भाव यांच्या बरोबर मधोमध तो काढलेला असतो. त्या दराने तुम्हाला किंवा मला नोटा कोणीच देत नाही, दुबईत नाही आणि ठाण्याच्या नौपाड्यातही नाही. दिरहमच्या बाबतीत तर हा आकडा हलतसुद्धा नाही. संयुक्त अरब अमिरातीने १९९७ पासून दिरहम डॉलरला बांधून ठेवला आहे, एका डॉलरला ३.६७२५. त्यामुळे दुबईतला दुकानदार "आज डॉलर पडलाय" असं सांगू लागला तर ते खरं नसतं. डॉलर रुपयापुढे पडेल किंवा चढेल, दिरहमपुढे तो जागचा हलत नाही.

तुम्ही तुलना करायला हवी होती ती फोनशी नाही, तर त्याच गल्लीतल्या मनी एक्स्चेंजच्या फळ्याशी. त्या फळ्यावर प्रत्येक चलनासमोर दोन रकाने असतात, ‘वी बाय’ आणि ‘वी सेल’. तुम्ही डॉलर देणार आणि ते घेणार, म्हणून तुमचा रकाना पहिला. तिथे डॉलरला साधारण ३.६५ मिळतात. म्हणजे १०० डॉलरचे ३६५. दुकानदाराने किती दिले? परत आलेले ३०५ आणि मालाचे ४५ मिळवा, ३५० झाले. त्याचा दर ३.५० होता. खरा फरक सतराचा नाही, पंधराचा आहे.

ही बेरीज लक्षात ठेवा, ती जगात कुठेही चालते. परत आलेले पैसे अधिक वस्तूची किंमत, भागिले तुम्ही दिलेली नोट. दुकानदाराने दर सांगितला नसला तरी तो असा उघड होतो, आणि पैसे हातात पडल्यावर दुकानातून पाय निघायच्या आत हे करता येतं.

आता "खाल्ले" या शब्दाबद्दल. दुकानदाराने तुमची नोट घेतली म्हणजे तो त्या क्षणी छोटा मनी चेंजर झाला. ती नोट खरी की खोटी ही जोखीम त्याची. दुमडलेली, शिक्का मारलेली, कोपरा फाटलेली नोट एक्स्चेंजवाला नाकारतो. ते नुकसानही त्याचंच. शिवाय आठवड्याभराच्या नोटा घेऊन त्याला रांगेत उभं राहावं लागतं. या सगळ्याचा मोबदला तो दरात धरतो, म्हणून ३.६५ ऐवजी ३.६० दिला तर मी त्याला काहीच म्हणणार नाही. ३.५० माझ्या मते जास्त कापणं आहे, चार टक्क्यांच्या वर. तरीही त्याने दर आधी सांगितला असता आणि तुम्ही हो म्हटलं असतं, तर तो सौदा झाला असता. मला खटकतं ते हे की दर बोललाच गेला नाही. तुम्ही विचारला नाही, त्याने सांगितला नाही. पण म्हणून त्याने फसवलं असं मी म्हणणार नाही. परक्या चलनाच्या नोटा कोणत्या दराने घ्यायच्या हे तो स्वतः ठरवू शकतो, सरकारी दराने घ्यायला तो बांधलेला नाही.

तुमच्या पत्रात याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे, तुमच्या नजरेतून निसटलेली. तुमची खरेदी ४५ दिरहमची होती, पण दुकानदाराच्या दराने बदलली गेली ती अख्खी शंभराची नोट. पंधरा दिरहम गेले ते १०० डॉलरवर. खजूर-केशराच्या मानाने पाहिलं तर किमतीच्या एक तृतीयांश रक्कम वर गेली, म्हणजे ते तुम्हाला जवळजवळ ६० दिरहमना पडलं. तुमच्याकडे वीसची नोट असती तर? वीस डॉलरचे त्याच्या दराने ७०, एक्स्चेंजमध्ये ७३. फरक फक्त तीन दिरहमचा. दुकान तेच, दर तोच, खरेदीही तीच. नुकसान मात्र पाचपट कमी. दुकानदाराचा दर वाईट असला तरी तो किती रकमेला लागू होऊ द्यायचा हे तुमच्या हातात असतं. म्हणून डॉलर घेताना पाच, दहा आणि वीसच्या नोटा मागून घ्या. मनी चेंजर कधी कधी कुरकुरतात, पण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर काढून ठेवतात. आणि मोठी नोट मोडायचीच असेल तर ती एक्स्चेंजमध्ये मोडा. देऱ्याच्या त्या बाजारात पाच मिनिटं चाललात तरी एखादं सापडतं.

आता विमानतळाकडे येते. मी नेहमी एकच प्रश्न विचारायला सांगते: मला एक दिरहम किती रुपयांना पडला? वाटेत कितीही चलनं बदलली तरी शेवटी रुपये गेले आणि दिरहम आले, एवढंच खरं. तुम्ही डॉलरला ९१ रुपये दिले आणि त्या डॉलरचे ३.५० दिरहम मिळाले. ९१ भागिले ३.५०, बरोबर २६ रुपये. हेच डॉलर दोन दिवस आधी ठाण्यात किंवा वाशीत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारून घेतले असते तर समजा ८९ ला मिळाले असते आणि दुबईत एक्स्चेंजमध्ये ३.६५ नी बदलले असते, तर दिरहम पडला असता २४ रुपये ३८ पैशांना.

यात दुकानदाराचा वाटा किती? पंधरा दिरहम, म्हणजे साधारण ३६५ रुपये. विमानतळावरचा वाटा किती? डॉलरमागे दोन रुपये, पाचशे डॉलरवर एक हजार रुपये. तुमच्या मनात राहिला तो खजूरवाला, पण जास्त पैसे गेले ते निघण्याआधी, मुंबईतच. तिथे भाव फळ्यावर लावलेला होता आणि पावतीही मिळाली, म्हणून ते टोचलं नाही. पुढच्या वेळी पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट घेऊन आठवडाभर आधी अधिकृत मनी चेंजरकडे जा. फोनवरून दोघा-तिघांना भाव विचारा, आणि विचारताना "सगळे चार्ज धरून, ५०० डॉलरचे एकूण किती रुपये द्यायचे?" असंच विचारा. नुसता दर विचारला तर जीएसटी आणि सेवाशुल्क नंतर निघतं.

दुकानात उभं असतानाच ओळखायचं कसं, हे तुम्ही विचारलंत. सरळ दर विचारायचा. देऱ्यातल्या बहुतेक दुकानांत हिंदी चालते, त्यामुळे संकोचाचं कारण नाही. फक्त क्रम सांभाळा. आधी घासाघीस दिरहममध्ये पूर्ण करा. आकडा पक्का झाला की मग, नोट पर्समध्येच ठेवून, "भाई, डॉलर दूँ तो क्या भाव लगाओगे?" दर न विचारता नोट काढली तर काय होतं ते पाहा. समजा एखादी वस्तू २,००० दिरहमची आहे. तुम्ही घासाघीस करून ती १,९०० वर आणलीत, मनातून खूश झालात आणि मग डॉलर काढलेत. तो ३.५० नी धरतो, तुम्ही ५४३ डॉलर देता. काहीही घासाघीस न करता एक्स्चेंजमधून दिरहम आणले असते तर पूर्ण २,००० साठी ५४८ डॉलर लागले असते. शंभर दिरहमची सूट मिळाली असं वाटलं, हाती लागले पाच डॉलर. सोन्याच्या बाजारात तर हे फार जपा, कारण तिथे रकमा मोठ्या असतात. सोन्याचा ग्रॅमचा भाव दिरहममध्ये लावलेला असतो, तो सगळीकडे जवळपास सारखाच. घासाघीस होते ती घडणावळीवर. घडणावळीत सोडलेलं दरातून परत घेणं दुकानदाराला सोपं जातं.

दर पटला नाही तर "मैं दिरहम लेके आती हूँ, सामान रखो" एवढं म्हणून निघा. मी असं म्हटल्यावर दुकानदाराने मागून दर वाढवून सांगितलेला मी अनेकदा अनुभवला आहे.

गोल आकड्यांबद्दल एक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दुबईहून मोटारीने ओमानमधल्या खसबला गेलो होतो. वाटेत एका हॉटेलात चहा-पराठे झाले, बिल ३ रियाल २०० बैसा. एका रियालचे हजार बैसा होतात. मी ५० दिरहमची नोट दिली. मालकाने गल्ल्यातून १ रियाल ८०० बैसा काढून दिले, इतक्या सहज की हिशेब करायचं मला सुचलंही नाही. त्याच्या डोक्यात दहा दिरहमचा एक रियाल होता. हिशेबाला सोपा, म्हणून तो भाव तिकडे रूढ आहे. पण ओमानी रियालही डॉलरला बांधलेला आहे आणि त्यावरून गणित केलं तर एका रियालला ९.५५ दिरहम होतात. माझे ५० दिरहम खरं तर सव्वापाच रियालच्या आसपासचे होते, धरले गेले पाच. साडेचार टक्के तिथे राहिले. माझी तक्रार नाही, कारण नंतर पाहिलं तर त्या रस्त्यावर दिरहम घेणारे सगळेच तो भाव लावत होते. पण पेट्रोल भरायच्या आधी मी रियाल घेतले.

याच्या उलट उदाहरण बहारीनचं. तिथे सौदी रियाल सर्रास घेतात, दहा रियालला एक दिनार. तोही गोल आकडाच, पण खरा भाव ९.९७ आहे, म्हणजे हजार रियालमागे तीन रियालांहूनही कमी फरक. तेव्हा गोल आकडा दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नका आणि सोपा वाटतो म्हणून सोडूनही देऊ नका. खाडीतली ही चलनं डॉलरला बांधलेली असल्यामुळे त्यांचा आपसातला भाव घरी बसून काढता येतो आणि पुढच्या वर्षीही तोच राहतो. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून पर्समध्ये ठेवला की झालं.

स्वित्झर्लंडचं मात्र असं नाही. फ्रँक कशालाही बांधलेला नाही, तो युरोसमोर रोज हलतो. टूरवाले सांगतात ते खोटं नाही. पर्यटक येतात अशा पुष्कळ दुकानांत युरोच्या नोटा घेतात. पण ते आपल्या दराने घेतात, सुटे फ्रँकमध्ये देतात आणि युरोची नाणी सहसा घेत नाहीत. दुकानदार असा स्वतःला सोयीचा दर का धरून ठेवतात, हे एका घटनेवरून कळेल. २०११ पासून स्विस राष्ट्रीय बँकेने युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ दिला नव्हता. १५ जानेवारी २०१५ ला तिने हा आधार अचानक काढून घेतला आणि त्याच दिवशी युरो एका फ्रँकच्या आसपास आला. त्या दिवशी ज्याच्या फळ्यावर आदल्या दिवशीचा भाव असेल, तो प्रत्येक युरोमागे तोट्यात. रोज दर बदलणं जमत नाही, म्हणून दुकानदार हातचं राखून दर ठरवतो आणि आठवडेच्या आठवडे तोच ठेवतो.

तिथे दर ओळखायला सोपं साधन आहे. बऱ्याच वस्तूंवर दोन्ही किमती छापलेल्या असतात. समजा फ्रिजवर लावायच्या एका चुंबकावर ८.५० फ्रँक आणि ९.९० युरो लिहिलंय. फ्रँकला युरोने भागा, ०.८६ आलं. म्हणजे हे दुकान तुमच्या एका युरोचे ८६ सेंटीम धरतं. फोनवर त्या दिवशी ०.९३ दिसत असेल तर शंभर युरोमागे सात फ्रँक जातील. भागाकारात कोणता आकडा वर ठेवायचा याचा गोंधळ बहुतेकांचा होतो. नेहमी "माझ्या एका नोटेचे त्याचे किती?" असं विचारा. उत्तर जितकं मोठं, तितकं तुमच्या फायद्याचं. मग दुबई असो की लुसर्न, उलटसुलट होत नाही.

मैत्रिणीचं कार्डाबद्दलचं म्हणणं स्वित्झर्लंडसाठी बरोबर आहे, पण तिने एक अट सांगायला हवी होती. कार्ड लावल्यावर मशीन कधी कधी विचारतं, फ्रँकमध्ये द्यायचे की रुपयांत? रुपये दिसले की हायसं वाटतं आणि माणूस तेच दाबतो. पण हा खजूरवाल्याचाच दर आहे, फक्त पडद्यावर आलेला. तिथेही भागाकार करा. समजा खरेदी ५० फ्रँकची, मशीन म्हणतं ५,८३० रुपये. म्हणजे फ्रँक ११६ रुपये ६० पैशांना. फोनवर ११० दिसत असतील तर सहा टक्के गेले. फ्रँक निवडला असता तर तुमच्या बँकेने आपलं शुल्क लावलं असतं. ते बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी असतं, म्हणजे सगळं मिळून ४.१३ टक्के. ५० फ्रँक पडले असते साधारण ५,७२७ रुपयांना. शुल्क कमी असलेलं कार्ड असेल तर आणखी स्वस्त. शिवाय रुपये निवडले तरी व्यवहार परदेशातला म्हणून काही बँका वेगळं शुल्क लावतातच. तेव्हा नेहमी त्या देशाचं चलन निवडा. विक्रेत्याने स्वतःच बटण दाबून टाकलं तर तो व्यवहार रद्द करून पुन्हा करायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

परकीय चलन आधीच भरून ठेवायचं फॉरेक्स कार्ड घेणार असाल तर त्यात युरो आणि फ्रँक दोन्ही वेगवेगळे भरून घ्या. नुसते युरो भरलेलं कार्ड फ्रँकच्या देशात चालतं, पण एका चलनातून दुसऱ्यात जाण्याचं शुल्क बँक घेते आणि मग तेच कोडं पुन्हा. रोख म्हणून दोघांत मिळून शंभर-दीडशे फ्रँक पुरे, छोट्या नोटांत.

तुमच्या ह्यांचंही थोडं ऐका. चहा-पाण्याच्या, दहा-पंधरा दिरहमच्या खरेदीत दुकानदाराचा दर तपासत बसायची खरंच गरज नाही; छोटी नोट द्या आणि पुढे चला. हिशेब करायचा तो मोठी नोट बाहेर काढताना, सोनं घेताना आणि कार्ड मशीनवर. एवढ्या तीन जागा ठरवून घेतल्यात तर त्यांचं फिरणं आणि तुमचं समाधान, दोन्ही राहील.

घरातले ११० दिरहम ठाण्यात विकू नका. एवढ्या रकमेवर मनी चेंजर भाव पाडून देतात. दोन हजार डॉलरपर्यंतच्या किमतीच्या परकीय नोटा स्वतःजवळ ठेवायला आपल्या कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे त्या मेपर्यंत कपाटात राहू द्या. परतीच्या वाटेवर दुबईच्या विमानतळावर मुलाबाळांसाठी काही घ्यालच. किंमत दिरहममध्ये विचारा, आधी हे ११० द्या आणि कमी पडतील तेवढे कार्डाने, तेही दिरहममध्येच. त्यात काही नाणी असतील तर ती सगळ्यात आधी काढा, इथे आणलेली नाणी पुन्हा कोणी बदलून देत नाही.